मूगडाळीची खिचडी: एकाच कुकरात आसट आणि मोकळी

प्रश्न: सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना आसट खिचडी लागते. मुलांना मोकळी हवी. आई सांगते, "तांदळाच्या निम्मी डाळ आणि दुप्पट पाणी." पण माझी खिचडी कधी गिच्च गोळा होते, तर कधी भात मऊ आणि डाळ दाताखाली कचकचते. शिट्ट्या नक्की किती करायच्या? आणि तुपाच्या फोडणीत जिरं दर वेळी काळं का पडतं?

उत्तर:

शिट्ट्यांचं आधी सांगून टाकते, कारण सगळे तिथेच अडकतात. खिचडी आसट होणार की मोकळी, हे पाण्यावर ठरतं. शिट्ट्यांचं काम एवढंच की डाळ-तांदूळ आतपर्यंत शिजले पाहिजेत. पाणी बेताचं असेल तर तीनच्या जागी चार शिट्ट्या झाल्या तरी शितं शितांच्या जागी राहतात, कारण फुटून पसरायला त्यांना पाणीच उरलेलं नसतं. आणि पाणी भरपूर असेल तर तीन शिट्ट्यांतसुद्धा मुगाची डाळ गळून जाते. मी गेली सव्वीस वर्षं डबे करते, आठवड्यातून एक संध्याकाळ खिचडीची ठरलेली असते, आणि आजही माझ्याकडे कामाला येणारी नवी मुलगी पहिल्या दिवशी शिट्ट्याच विचारते.

आता आईच्या वाक्याकडे येऊ. आई बरोबर सांगतात, पण त्यातला एक शब्द त्यांनी गृहीत धरला आहे. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ घेतली आणि नुसत्या तांदळाच्या दुप्पट धरलं तर पाणी दोन वाट्या होतं. तांदूळ आणि डाळ मिळून दीड वाटी धरलं तर तीन वाट्या. एका वाटीचा फरक पडतो, आणि एवढ्या धान्याला एक वाटी पाणी म्हणजे कचकचीत डाळ आणि शिजलेली डाळ यांच्यातलं अंतर आहे. तुमचा हात कधी असा, कधी तसा पडत असणार. म्हणून यापुढे मी जिथे "पट" म्हणेन तिथे तांदूळ अधिक डाळ असं एकत्र माप धरा. वाटी कुठलीही चालेल, पण तांदूळ, डाळ आणि पाणी तिन्हींना तीच हवी. माझी वाटी 150 मिलिलिटरची आहे, तिच्यात सपाट भरून साधारण 125 ग्रॅम तांदूळ बसतो आणि डाळही जवळपास तेवढीच.

डाळीचं प्रमाण किती, याचं उत्तर डाळ खिचडीत काय करते यातच आहे. सालं काढलेली मुगाची डाळ फार लवकर शिजते आणि शिजली की आकार सोडते. ती विरघळून दोन शितांच्या मध्ये जाऊन बसते आणि त्यांना धरून ठेवते. आसट खिचडीत आपल्याला तेच हवं असतं, म्हणून तिथे मी समसमान घेते, एक वाटी तांदळाला एक वाटी डाळ. मोकळीत डाळ जास्त झाली की शितं सुटी राहणारच नाहीत, मग पाणी कितीही जपून घाला. तिथे तांदळाच्या निम्मी डाळ ही वरची मर्यादा समजा. पाहुणे असतील आणि अगदी फडफडीत हवी असेल तर मी तिप्पट तांदूळ घेते. सालीची डाळ असेल तर सालामुळे ती जरा आकार धरते, पण कवळीत साल अडकतं, तेव्हा सासऱ्यांना ती नकोच.

तांदळाचा स्वभावही बघावा लागतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी मुळातच चिकट. आसट खिचडीला त्यांच्यासारखे तांदूळ नाहीत, वासाला तर नाहीतच. पण मुलांची मोकळी खिचडी त्यांची करायला जाल तर हमखास गोळा होईल. तिला जुना कोलम घ्या. जुना म्हणजे निदान वर्षभराचा. दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर चिकट होतो, म्हणून त्या दिवसांत मी मोकळीचं पाणी दर दोन वाटी धान्यामागे पाव वाटीने कमी करते. पिशवी बदलली की पहिल्या दिवशी थोडीच खिचडी करून बघायची, ही माझी सवय आहे.

आता तुमच्या घरचंच गणित मांडू. सासरे एक, मुलं दोन आणि त्यांच्याबरोबर मोकळी खाणाऱ्या तुम्ही. पाच लिटरचा कुकर, त्यात एकावर एक बसणारे दोन डबे. एकाच वेळी, एकाच गॅसवर दोन्ही खिचड्या होतात, कारण प्रत्येक डब्याचं पाणी वेगळं असतं.

आसटीच्या डब्यात पाव वाटी आंबेमोहोर आणि पाव वाटी डाळ, म्हणजे मिळून अर्धी वाटी. पाणी चौपट, म्हणजे दोन वाट्या. मोकळीच्या डब्यात एक वाटी कोलम आणि अर्धी वाटी डाळ, मिळून दीड वाटी. पाणी पावणेदोन पट, म्हणजे अडीच वाट्या आणि वर एक मोठा चमचा. डब्यात पावणेदोन पट पुरतं, कारण डबा वाफेत बसलेला असतो आणि त्यातलं पाणी जवळजवळ आटत नाही. हीच खिचडी थेट कुकरात शिजवली तर शिट्ट्यांबरोबर वाफ जाते, तेव्हा दुप्पट लागेल. पातेल्यात झाकण ठेवून केली तर अडीच पट. आईचं "दुप्पट" बहुधा थेट कुकराचं आहे. आसटीलाही तोच हिशेब: डब्यात चौपट, थेट कुकरात साडेचार पट, पातेल्यात सहा पट धरून चाला आणि शेजारी गरम पाणी ठेवा.

डाळ-तांदूळ धुऊन चाळणीत चांगले निथळून घ्या आणि मग मोजलेल्या पाण्यातच वीस मिनिटं भिजू द्या. इथे पुष्कळांची चूक होते. आधी भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि नवीन पाणी पूर्ण मापाने घालायचं, असं करतात. भिजलेला तांदूळ आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी आधीच पोटात घेऊन बसलेला असतो. दीड वाटी धान्यात ते तिसरा हिस्सा वाटी तरी भरतं. कधी भिजवून, कधी न भिजवता तेवढंच पाणी घातलं की एकदा गिच्च, एकदा मोकळी, आणि आपण दोष देतो तांदळाला. मोजलेल्या पाण्यातच भिजवलं की हा घोळच राहत नाही.

मोकळीला खालची फोडणी हवी. कढल्यात एक मोठा चमचा तूप, जिरं, हिंग, एक-दोन मिरच्या, शेवटी हळद, आणि ती भिजलेल्या डाळ-तांदळावर ओतून मीठ घालून एकदा हलवायचं. आसटीच्या डब्यात आत्ता फक्त मीठ, चिमूटभर हळद आणि अर्धा चमचा तूप. त्या तुपाने डाळीचा फेस कमी येतो. मुगाची डाळ फेसाळते आणि पातळ खिचडीचा डबा अर्ध्याच्या वर भरला तर फेस बाहेर येऊन कुकरभर पिवळं पाणी होतं. थेट कुकरात करत असाल तर कुकरही अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस शिट्टीच्या नळीत शिरतो आणि ती तुंबते.

कुकरच्या तळाला दोन पेले पाणी, आसटीचा डबा खाली, मोकळीचा वर, दोन्हींवर झाकण्या. मध्यम आचेवर चार शिट्ट्या. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, दहा-पंधरा मिनिटं जातात. शिट्टी उचलून वाफ सोडली तर दाब एकदम उतरतो, डब्यातलं पाणी खदखदून वर येतं आणि मोकळीची खालची शितं फुटतात.

उघडल्यावर आसटीच्या डब्यात वर पाणी आणि खाली डाळ-भात असा देखावा दिसेल. घाबरू नका. डावाच्या पाठीने डब्याच्या कडेला दाबत दोन मिनिटं घोटा. डाळ पाण्यात मिसळली की ती सरसरीत होते, डाव उचलला तर खिचडी सलग, जाडसर धारेने पडायला हवी. मोकळी मात्र हलवायची नाही. झाकणी काढून पाच मिनिटं उघडी ठेवायची, वरची वाफ जाऊ द्यायची आणि मग उलथन्याच्या टोकाने कडेने मोकळी करायची. उघडल्या उघडल्या डाव फिरवणं हेच गोळा होण्याचं निम्मं कारण. गरम शितं नाजूक असतात, मोडतात, आणि मोडलेल्या शिताचा चिकटपणा सगळीकडे लागतो.

डाळ कचकचत राहण्याचं कारण पाण्यापलीकडेही असू शकतं. डाळीचा दाणा बोटांत दाबा. बोटचेपी झाली असेल तर तो सहज पसरतो. मध्ये पांढरा ठिपका राहिला तर कच्ची. एवढ्या पाण्यात, चार शिट्ट्यांनंतरही ठिपका राहत असेल तर तीन गोष्टी तपासा. डाळ जुनी आहे का? वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेली डाळ वेळ घेते. पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यातला चुना डाळीला मऊ होऊ देत नाही. माझ्याकडे एका उन्हाळ्यात टँकर यायला लागला आणि एकाएकी डाळ शिजेना. मी दुकानदाराशी भांडून आले, तर दोष डाळीत नव्हताच. पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात शिजवली आणि नेहमीसारखी मेण झाली. तिसरं, टोमॅटो. मुलांना आवडतो म्हणून टोमॅटो पहिल्यापासून घातला तर त्याच्या आंबटपणाने डाळ कडक राहते, भात मात्र शिजून जातो. "भात मऊ आणि डाळ कचकचीत" हे तुमचं वर्णन वाचून मला आधी टोमॅटोच आठवला. घालायचा असेल तर वेगळा परतून शेवटी मिसळा. खायचा सोडा घालायचा सल्ला मिळेल, पण त्याने खिचडीला साबणासारखी चव येते, मी घालत नाही.

पाहुण्यांसाठी मोकळी करायची तर मी डबा सोडून जाड बुडाचं पातेलं घेते. डाळ कोरडीच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत, किंचित गुलाबी होईतो भाजते. बंगालात भुन्या खिचडीला मुगाची डाळ अशीच भाजून घेतात. भाजलेली डाळ शिजायला जरा वेळ घेते पण आकार सोडत नाही. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे. तुपाच्या फोडणीवर आधी डाळ, मग तांदूळ, दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने परतायचे. दाण्याला तुपाचा हात लागला की शितं एकमेकांना धरत नाहीत. वरून आधणाचं पाणी अडीच पट, उकळतं असतानाच. गार पाणी घातलं की सगळं थंड होऊन पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, तेवढ्यात तांदूळ बाहेरून चिकट होतो. पाणी आटून वर भोकं दिसली की आच अगदी मंद, ताटली झाकून तिच्यावर पाणी ठेवायचं आणि दहा मिनिटं दणदणीत वाफ आणायची.

आता जिरं. ते काळं पडतं कारण तुम्ही बहुधा मोहरी तडतडेपर्यंत थांबता, आणि मग त्याच तापलेल्या तुपात जिरं टाकता. मोहरीला जेवढं कडक तापलेलं तूप लागतं, तेवढ्यात जिरं दोन-तीन क्षणांत करपतं. आपल्याकडे वरणाला, खिचडीला तूप-जिऱ्याची फोडणी म्हणतात तिच्यात पुष्कळ घरांत मोहरी नसतेच, त्यामागे हे शहाणपण असावं. मोहरी हवीच असेल तर ती आधी फुटू द्या, कढलं गॅसवरून उचला, मनात पाच आकडे मोजा आणि मग जिरं टाका.

नुसत्या जिऱ्याची फोडणी जवळून सांगते, कारण तिथे सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा आहे. कढल्यात दोन मोठे चमचे साजूक तूप, मध्यम आच. तूप पातळ होऊन त्यावर हलक्या लहरी दिसू लागल्या की जिऱ्याचे दोन-चार दाणे टाकून बघायचे. ते तळाशी निवांत पडून राहिले तर तूप थंड आहे. लगेच भोवती बारीक बुडबुडे येऊन वर आले तर बाकीचं टाका. पडताक्षणी काळे झाले तर कढलं खाली घ्या, थांबा, आणि तेवढं जिरं काढून टाका. जिरं एक छटा गडद झालं, खमंग वास नाकात आला की गॅस बंद. पुढचं सगळं गॅस बंद करूनच: हिंग, कढीपत्ता, हवी तर सुकी मिरची, आणि हळद-तिखट घालायचं असेल तर सगळ्यात शेवटी. कढलं लोखंडी असेल तर गॅस बंद केल्यावरही ते तापवत राहतं, म्हणून जिरं "अजून थोडं व्हायचंय" असं वाटतानाच बंद करायचं. तूप तडतडून अंगावर उडत असेल तर ते नीट कढलेलं नाही, त्यात पाणी राहिलंय. कढीपत्ता ओला असला तरी तेच होतं, पुसून टाका.

हळद तुपात का, थेट पाण्यात का नाही, हेही सांगते. तिचा रंग पाण्यापेक्षा स्निग्धात चांगला सुटतो. मोकळी खिचडी एकसारखी पिवळी हवी तर हळद खालच्या फोडणीत गेली पाहिजे. नुसती पाण्यात टाकली तर काही शितं पिवळी, काही पांढरी निघतात. आसट घोटलीच जाते, तिला फरक पडत नाही.

आसटीला वरची फोडणी हवी. डब्यात घोटून झाली की वाढण्याआधी वर चर्रकन ओतायची आणि लगेच झाकण ठेवायचं, दोन मिनिटं. वास आतच राहतो. एका माणसाच्या खिचडीला एक मोठा चमचा तुपाची फोडणी पुरे, शिवाय ताटात वरून लागेल तेवढं साधं तूप. तूप किती, यावर घराघरांत वाद असतात. अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत खिचडीचं जे प्रमाण दिलंय त्यात तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप तिन्ही पाच-पाच शेर आहेत. आपण त्या वाटेला जायला नको, पण सासरे आणखी एक चमचा मागत असतील तर डॉक्टरांनी मना केलेलं नाही तोवर मी तरी हात आखडणार नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि तो मी नुकसान सोसून शिकले. आसट खिचडी उतरवल्यावरही आळत राहते. सात वाजता सरसरीत असलेली खिचडी आठला घट्ट आणि साडेआठला वडी पाडण्याजोगी होते. म्हणून ती खाण्याच्या वेळेच्या मानाने पातळ ठेवायची. लगेच जेवणार असाल तर वरचं माप ठीक, तासाभराने जेवणार असाल तर अर्धी वाटी उकळतं पाणी शेजारी झाकून ठेवा आणि वाढताना थोडं थोडं घालून घोटा. गार पाणी घातलं तर शितं एकीकडे आणि पाणी एकीकडे राहतं. मोकळीचं उलट असतं, तिला वाट बघणं मानवतं.

नुकसान असं, की डबे सुरू केले त्या पहिल्या वर्षी मला चाळीस माणसांची मोकळी खिचडी सांगून आली. मी घरचं चार जणांचं पातेल्यातलं माप घेतलं आणि पाण्यासकट सगळं दहाने गुणलं. पाणी तसं गुणायचं नसतं. दाणे जेवढं पाणी पितात ते दहापट होतं, पण वाफेवाटे जाणारं होत नाही, कारण मोठं पातेलं तोंडाला दहापट रुंद नसतं. घरी अडीच पट लागत होतं, तिथे दोन पटच पुरलं असतं. भलं मोठं पातेलं भरून गिच्च खिचडी झाली. अर्धा तास उरला होता, मोकळी करणं अशक्य होतं. मग तिच्यात आणखी उकळतं पाणी ओतलं, रवीने घोटली, वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि "आज आसट आहे" म्हणून पाठवली. आसटीची मोकळी होत नाही, मोकळीची आसट कधीही होते, ते त्या दिवशी कळलं. तुम्हालाही डबे मांडायचा कंटाळा येईल तेव्हा हाच मार्ग आहे: सगळी मोकळी करा, सासऱ्यांपुरती वाटीभर वेगळी काढा, तीत दीड वाटी उकळतं पाणी घालून सात-आठ मिनिटं शिजवा आणि घोटा. फक्त त्या दिवशी डाळ भाजू नका, भाजलेली डाळ घोटली जात नाही.

आणि आसट उरलीच तर सकाळी तिच्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, तिखट घालून थालीपीठं लावा. पाणी मुळीच घालू नका, खिचडीतलंच पुरतं.